‘काल रात्री’ आणि ‘गंपू फोन करतो’

*मावसबहिणीच्या मुलाच्या बारशाला सांगलीला गेलो होतो. जेवताना मी एक विनोद सांगितला. सुरुवात अशी केली : “काल रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करावा लागला. बाबांना झोपेची गोळी द्यायची राहिली होती...” शेवट असा, की मी डॉक्टरांना विचारतो, “बाबा नऊपासून घोरतायत, उठवून देऊ का?” कोणीच हसलं नाही. मावशी काकुळतीनं म्हणाली, “अरे, उठवू नकोस रे त्यांना.” हा विनोद होता असं कळल्यावर ती ताटावरून उठली. दोन आठवडे माझ्याशी बोललेली नाही. बायको म्हणते, विनोद आहे हे आधी कळायला हवं होतं. पण आधीच कळलं तर गंमत काय राहिली? स्टेजवरचे लोकही “काल माझ्या बाबांना” अशीच सुरुवात करतात. माझं नेमकं कुठे चुकलं?*

*– एक वाचक, पुणे*

नमस्कार,

तुमच्या मावशींचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. तुमच्या विनोदाचा शेवट त्यांनी ऐकला, अगदी लक्ष देऊन ऐकला आणि त्याला उत्तरही दिलं. त्यांच्या लेखी भाचा खरंच विचारत होता, आणि म्हणून त्यांनी खरंच सांगितलं. म्हणजे तुमचा शेवट पडला असं मला वाटत नाही. शब्द तेच होते, क्रमही बरोबर होता. तो ज्या कानांनी ऐकायला हवा होता, ते कान तुम्ही पहिल्या वाक्यात तयार केले नाहीत, एवढंच.

‘काल रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करावा लागला.’ आपल्या घरांमध्ये हे वाक्य कधी येतं, आठवून पाहा. ‘काल’ म्हणजे घटना ताजी. ‘रात्री दोन’ म्हणजे सकाळपर्यंत थांबता आलं नाही. ‘करावा लागला’ म्हणजे इलाज नव्हता. आणि पाठोपाठ ‘बाबा’, जे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत आहेत. अशा वाक्यानंतर ऐकणारा माणूस लगेच कामाला लागतो. बाबांना काय झालं असेल, ते आत्ता कुठे आहेत, त्यांच्याजवळ कोण आहे, आपण आत्ताच निघायला हवं का, हे सगळं डोक्यात सुरू होतं. चेहरा कसा ठेवायचा, काय बोलायचं, याचीही तयारी होते. हे कोणी ठरवून करत नाही. जिवाभावाच्या माणसाची बातमी अशीच ऐकली जाते.

आता याच मनानं पुढचे शब्द ऐका. ‘झोपेची गोळी.’ तुमच्यासाठी ती विनोदातली एक वस्तू होती. मावशींच्या मनात ‘राहिली’ हा शब्द पोहोचण्याआधीच कदाचित वेगळी भीती उभी राहिली असेल : जास्त घेतल्या का? ‘नऊपासून घोरतायत.’ तुम्हाला यात गंमत दिसते, कारण गोळीविनाच झोप लागली आहे. त्यांना मात्र शुद्ध हरपलेला माणूस दिसला असेल. एकेक शब्द दोन अर्थांचा होता, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे पहिल्या वाक्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. उलगडा नंतर झाला तरी तोवर मावशींची काळजी खरी होऊन गेली होती. खरी काळजी अचानक निराधार ठरली की माणसाला आधी हायसं वाटतं, आणि लगोलग ज्यानं ती लावली त्याचा राग येतो. हसायला जागाच उरत नाही. विनोदात ताण हवा, हे मलाही मान्य आहे. पण ताण ‘आता गंपू काय म्हणणार?’ एवढाच हवा. ‘भाऊजी बरे आहेत ना?’ हा ताण फारच निराळा आहे.

गंपूचं नाव मी मुद्दाम घेतलं. तुमचाच विनोद मी असा सांगेन :

“गंपू रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करतो. म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांना झोपेची गोळी द्यायची राहिली हो!’ डॉक्टर म्हणतात, ‘बरं, मग आता काय होतंय त्यांना?’ गंपू म्हणतो, ‘काही नाही, नऊपासून घोरतायत. उठवून देऊ का?’”

रात्रीचे दोन तसेच आहेत. डॉक्टर, गोळी, घोरणं, सगळं जिथल्या तिथे आहे. बदललं आहे ते फक्त पहिलं वाक्य, आणि त्यातही दोनच गोष्टी : ‘मी’च्या जागी ‘गंपू’ आला आणि ‘करावा लागला’च्या जागी ‘करतो’ आलं. ‘काल’ त्यांच्याबरोबर आपोआप गळून पडला.

गंपू, बंड्या, झंप्या, मन्या ही नावं मराठी विनोदांत पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत, आणि त्यांचं खरं काम हेच आहे. ही कोणाचीच माणसं नाहीत. गंपू कोसळला तरी कोणाच्या घरी फोन करायचा नाही, त्याचे बाबा कोणाचे भाऊजी लागत नाहीत. नाव ऐकताच ऐकणाऱ्याच्या डोक्यातला ‘कोण?’ हा प्रश्न मिटतो. ‘एक माणूस’ म्हणालात तरी चालतं, कारण त्यालाही नातेवाईक नाहीत.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. आपण विनोद वर्तमानकाळात सांगतो. ‘एक माणूस असतो. तो हॉटेलात जातो. वेटरला विचारतो...’ गोष्ट मात्र भूतकाळात असते : ‘एक राजा होता.’ खरी हकीकतही भूतकाळातच : ‘काल दादा भेटला, म्हणाला...’ ‘एक माणूस असतो’ असं आपण विनोद सांगताना म्हणतो, किंवा सिनेमाची कथा सांगताना. दोन्हींत ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की हे कुठल्याच काल-परवाला घडलेलं नाही. ‘होता’ आणि ‘असतो’ यांत फरक जेमतेम एका शब्दाचा, पण ‘असतो’ म्हटलं की माणसं मागे टेकून बसतात. हे व्याकरण आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही. लहानपणी अंगणात एकमेकांना विनोद सांगतानाच ते अंगवळणी पडलं.

यात एक गोम आहे. खरेपणाचा एक शब्द आत शिरला तरी ही सगळी तटबंदी ढासळते. ‘एक माणूस डॉक्टरकडे जातो’ हा विनोद. ‘आमच्या सोसायटीतला एक माणूस डॉक्टरकडे जातो’ म्हटलं, की शेजारची वहिनी विचारणार, “कोण, बी विंगमधले?” ‘आमच्या’, ‘परवा’, गावाचं नाव, दवाखान्याचं नाव, असले शब्द विनोद जिवंत व्हावा म्हणून घातले जातात, आणि पहिल्या वाक्यात ते घात करतात. पुढे, एकदा गंमत आहे हे पक्कं झाल्यावर, हवं तेवढं खरं रंगकाम करा. गंपूला सांगलीच्या गणपती पेठेतून फिरवलंत तरी मग कोणी दचकणार नाही.

आता तुमचा मुख्य आक्षेप : आधीच कळलं तर गंमत जाते. विनोद आहे हे कळणं आणि विनोद काय आहे हे कळणं, या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत. ‘गंपू रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करतो’ हे ऐकून कोणाला शेवट ओळखता येईल? गंपू काय बोलणार ते अजून झाकलेलंच आहे. ऐकणाऱ्याला फक्त एवढं कळलं, की कुठेतरी वळण येणार. त्यामुळे तो त्या वळणाची वाट पाहू लागतो. मावशी बाबांना शोधत होत्या; गंपूची गोष्ट ऐकताना त्यांनी वळण शोधलं असतं. ‘उठवून देऊ का?’ कानी पडताच ते क्षणात सापडलं असतं, कारण दुसरं काही शोधायचंच नव्हतं. चकवा शेवटात असावा. विनोद आहे की नाही, यात चकवा ठेवला की माणसाला दोन कोडी एकदम सोडवावी लागतात, आणि पहिलं कोडं सुटेपर्यंत दुसऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

हार्वी सॅक्स नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी साध्या गप्पांच्या ध्वनिफिती शब्दन्‌शब्द तपासल्या. गप्पांतल्या एका विनोदावरचा त्यांचा लेख 1974 साली छापून आला. त्यांना दिसलं, की विनोदाला तीन भाग असतात : सांगण्याआधीची छोटी प्रस्तावना, मग सांगणं, मग ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद. प्रस्तावनेत सांगणारा जणू परवानगी मागतो, आणि ऐकणारे ती देतात किंवा ‘ऐकलाय’ म्हणून थांबवतात. आपल्याकडे हेच ‘गंपूचा ऐकलात का?’ एवढ्या तीन शब्दांत होतं. विनोद आहे हे कळलं, कोणाचा ते कळलं, थोडा वेळ बोलायला मिळाला, आणि कोणी आधी ऐकला असेल तर त्याला सांगायची संधीही मिळाली. तुम्ही परवानगीच घेतली नाहीत, त्यामुळे पंगतीनं तुम्हाला वेगळ्याच गोष्टीसाठी शांतता दिली. वाईट बातमीसाठी.

प्रस्तावना तेवढीच ठेवा मात्र. ‘एक भन्नाट विनोद सांगतो, पोट धरून हसाल’ म्हणणारे असतात. त्यांनी गंमत आहे हे कळवलं खरं, पण सोबत मागणीही ठेवली. माणूस सैल होण्याऐवजी पुन्हा सावध होतो : आता मोठ्यानं हसावं लागणार, नाही आलं तर याला काय वाटेल?

स्टेजवरच्या लोकांचं म्हणाल, तर ते तुमच्यासारखी सुरुवात करतात असं दिसतं फक्त. त्यांचे पहिले शब्द तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी बोलले गेलेले असतात. प्रेक्षकानं तिकीट काढलं आहे, अंधारात खुर्चीत बसला आहे, उजेडात एक माणूस माइक घेऊन उभा आहे. तो ‘काल माझ्या बाबांना’ म्हणाला, की कोणीही त्याच्या बाबांची काळजी करत नाही. तमाशातही हेच आहे. गण झाला, गौळण सुरू झाली, आणि मिश्या असलेली मावशी पदर सावरत आली, की तिनं शब्द उच्चारण्याआधी लोक हसू लागतात. बतावणीत सोंगाड्या कितीही गंभीर तोंड करून मरणाची वार्ता घेऊन आला, तरी कोणाचा जीव खालीवर होत नाही, कारण तो सोंगाड्या आहे. बारशाच्या पंगतीत तुम्ही सोंगाड्या नव्हता. तुम्ही बाबांचा मुलगा होता, आणि बाबांबद्दल बोलायचा पहिला हक्क त्या घरात तुमचाच. म्हणून तर सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. विनोदात स्टेजवरचा ‘मी’ घरी आणला, की तो तुम्ही स्वतःच होता. तिथे कोणतंही तिकीट नसतं, म्हणून ते काम तुमच्या पहिल्या शब्दांना करावं लागतं.

आणि स्टेज असलं तरी ते नेहमी पुरेसं असतंच असं नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. अनेक वर्षं मी गणेशोत्सवांत आणि स्नेहसंमेलनांत निवेदन करत आलो. एका वसाहतीच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर मी माइकवरून म्हणालो, “एक सूचना आहे. पांढऱ्या गाडीच्या मालकांनी ताबडतोब पार्किंगमध्ये यावं.” पुढचं वाक्य होतं, “तुमच्या सौभाग्यवती मध्यंतरापासून गाडीत बसून तुमची वाट पाहत आहेत, आणि त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचतोय.” ते वाक्य कोणी ऐकलं नाही. चारपाच माणसं उठली होती, खुर्च्या सरकत होत्या, एक बाई कडेवरच्या मुलाला घेऊन वाट काढत होती. ‘एक सूचना आहे’ या शब्दांना त्या मैदानात ठरलेला अर्थ होता. हरवलेलं मूल, चालू राहिलेला दिवा, आत आलेली रुग्णवाहिका, या सगळ्या गोष्टी त्याच शब्दांनी सांगितल्या जात. मी खऱ्या निरोपाचे शब्द विनोदासाठी वापरले होते. त्या बाई परत येऊन बसल्या तेव्हा मूल रडत होतं. त्यानंतर ‘एक सूचना’ हे शब्द मी खऱ्या सूचनेसाठीच राखून ठेवले आहेत. घरातही असे राखीव शब्द असतात : ‘फोन आला होता’, ‘जरा बसून घे’, ‘एक सांगायचं होतं’. विनोदाची सुरुवात यांनी कधीच करू नका. घरच्यांना ते पुढे खऱ्या वेळी लागणार आहेत.

तुमच्या गल्लीत कुत्र्याची पिल्लं असतील तर त्यांचा खेळ पाहा. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून पिल्लू दुसऱ्यासमोर वाकतं. मग चावा घेतला तरी समोरचं पिल्लू भांडत नाही. मार्क बेकॉफ या संशोधकांनी अशा खेळांचं बारकाईनं निरीक्षण करून 1995 साली मांडलं, की हे वाकणं फक्त सुरुवातीला होत नाही. ज्या चाव्याचा अर्थ खरा हल्ला असाही होऊ शकतो, त्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर ते पुन्हा येतं. विनोद सांगणाऱ्यानं हे जरूर उचलावं. पंगतीत कोणाच्या घरी आजारपण असेल, आणि तुमच्या विनोदात डॉक्टर, दवाखाना किंवा मरण येणार असेल, तर तो शब्द येण्याआधी गंपूचं नाव पुन्हा एकदा घ्या. ‘गंपू म्हणतो’ एवढं पुरतं.

सुरुवात पोचली की नाही, हे दोनचार सेकंदांत कळतं. पोचली असेल तर हात पुन्हा ताटाकडे जातो, पाठ सैल होते, कोणी ‘हं’ करून पुढे बोला अशी खूण करतं, पोरं जवळ सरकतात. पोचली नसेल तर घास हातात राहतो आणि प्रश्न येतात : “कोण?” “कधी?” “कुठे?” यातला एक जरी प्रश्न आला, तरी तिथेच थांबा. तुम्ही बहुधा तेव्हा ‘ऐका तर’ म्हणून पुढे गेला असाल. बहुतेक जण तसंच करतात, कारण शेवट आला की सगळं सावरेल असं वाटतं. शेवट ते सावरू शकत नाही. “कोणी नाही हो, गंमत सांगतोय, बाबा अगदी ठणठणीत आहेत” असं म्हणून श्वास घेऊ द्या, आणि वाटलं तर पहिल्यापासून गंपूनं सुरू करा. नाही सुरू केलंत तरी काही बिघडत नाही.

दर वेळी अशी खूण द्यायलाच हवी असंही नाही. बोलता बोलता सुचलेली कोटी किंवा एका ओळीचा टोमणा येतो आणि जातो. त्याला प्रस्तावना लावली तर तो मरतो. एखाद्या मित्राचं तोंडच असं असतं, की तो बोलू लागला म्हणजे गंमत, हे सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. पण तोच मित्र नव्या ऑफिसात गेला की त्याला पुन्हा ‘एक माणूस असतो’पासून सुरुवात करावी लागते.

एक शेवटची जागा सांगतो, कारण तुम्ही हा विनोद कधीतरी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकाल असं मला वाटतं. तिथे तुमचा चेहरा नसतो, आवाजही नसतो, आणि फोन लॉक असताना पडद्यावर फक्त पहिले काही शब्दच दिसतात. ‘काल रात्री दोन वाजता बाबां...’ एवढंच वाचून कोणी भर रस्त्यात गाडी थांबवेल. ‘गंपू (डॉक्टरांना फोनवर) :’ असं लिहिलंत, तर तो कंस आणि ती दोन टिंबंसुद्धा सांगतात, की घाबरायचं कारण नाही.

आता मावशींच्या रागाबद्दल. त्या गोष्टीचं स्पष्टीकरण देत बसू नका, विनोद पुन्हा सांगून तर मुळीच नको. बाबांना शेजारी बसवून फोन करा. मावशी अजून ‘हॅलो’ म्हणतायत तोवरच, बाकी काही बोलण्याआधी, “मावशी, बाबा मजेत आहेत, इथेच बसलेत” असं म्हणा, आणि फोन त्यांच्या हातात द्या.